“घरीच असते” म्हणजे काय?

साकोलीकडचं एक घर. प्रगणक ताई कारभाऱ्याला विचारतात, “बाई काम करतात का?”

“नाही जी, घरीच असते.”

ताई बाईंकडे वळतात. “रोवणीच्या दिवसांत काय काय केलंत?” मग सगळं बाहेर येतं: आधी स्वतःच्या बांधीत रोवणी, नंतर दुसऱ्यांकडे मजुरीनं, त्याआधी उन्हाळ्यात मोहफुलं वेचणं, तेंदूपत्ता तोडून ७० पानांचे पुडे बांधणं.

घरच्या शेतीतल्या कामाची मजुरी हातात पडत नाही, म्हणून घरचेही ते काम मोजत नाहीत. यासाठीच १९९१च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नातच शेतावरच्या व घरच्या धंद्यातल्या बिनमोबदला कामाचा स्पष्ट उल्लेख आला.

पण “रोवणीला गेलातच ना?” असं विचारलं, तर भिडेखातर होकार मिळतो. हंगामाचं नाव घ्यावं, उत्तर सुचवू नये; किती दिवस, ते शेवटी विचारावं.