नाव न सांगता मत द्या, सिस्टर!

सुरुवात थेट अणुबॉम्बपासून

वॉर्डातली शुश्रूषा कशावरून जोखायची, हे ठरवायला परिचारिका आज जी डेल्फी पद्धत वापरतात, ती जन्मली शीतयुद्धात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रँड संस्थेत नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी सात तज्ज्ञांना विचारलं: सोव्हिएत आखणीकाराच्या नजरेने पाहिलं, तर अमेरिकेचं शस्त्रोत्पादन ठरावीक प्रमाणात खाली आणायला किती बॉम्ब लागतील? पहिली उत्तरं आली ५० पासून ५,००० पर्यंत! तज्ज्ञांना समोरासमोर न बसवता पाच फेऱ्यांत प्रश्नावल्या फिरवल्या, आणि अखेरीस आकडे १६७ ते ३६० यांच्यात आले. हा प्रयोग छापून आला १९६३ साली. नाव मात्र प्राचीन ग्रीसमधलं, जिथे लोक भविष्य विचारायला जात त्या डेल्फीचं.

मेट्रनचंही एकच मत

बैठकीत मेट्रन बोलल्या की नवी स्टाफ नर्स वेगळं बोलायला कचरते. डेल्फीत प्रत्येकजण लेखी गुण देते, आणि कोणता गुण कुणाचा, हे फक्त संयोजकाला ठाऊक. मला ही या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण रात्रपाळीत रुग्णाजवळ असते ती बहुधा ही नवी सिस्टरच.

आधी विषय, मग नोंद

आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने प्रसूती, बालरुग्ण, मानसिक आरोग्य अशा सात क्षेत्रांसाठी शुश्रूषेचे निर्देशक याच पद्धतीने ठरवले. आधीच्या फेऱ्यांत फक्त विषय निवडले, पुढच्या फेऱ्यांत त्या विषयांखालचे निर्देशक, आणि शेवटी प्रत्यक्ष बैठक. असे टप्पे पाडायला कारण आहे. ‘वेदनेची काळजी’ या विषयाला सगळेच मान डोलावतात. पण केसपेपर उघडल्यावर नेमकी कोणती नोंद सापडायला हवी, इथे खरे मतभेद सुरू होतात.

एक निर्देशक, दोन फेऱ्या

समजा, २० परिचारिकांचं पॅनेल आहे. निर्देशक असा: ‘वेदनाशामक दिल्यावर तासाभरात वेदना पुन्हा तपासून नोंदवली.’ गुण १ ते ९. नियम आधीच ठरलेला: किमान ७० टक्के जणींनी ७ ते ९ गुण द्यायला हवेत आणि १ ते ३ देणाऱ्या १५ टक्क्यांहून कमी हव्यात.

पहिल्या फेरीत १३ जणी ७ किंवा त्याहून वर. म्हणजे ६५ टक्के, थोडक्यात हुकलं! पण शेऱ्यांत कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘शिरेतलं इंजेक्शन लवकर लागू पडतं, गोळीला वेळ लागतो. दोन्हींना एकच तास कसा?’ मग वाक्य बदलतं: इंजेक्शननंतर अर्ध्या तासात, गोळीनंतर तासाभरात. दुसऱ्या फेरीत प्रत्येकीला आधीचे स्वतःचे गुण, सगळ्यांच्या गुणांची विभागणी आणि निनावी शेरे दिसतात. आता १७ जणी वरच्या गटात, ८५ टक्के, निर्देशक आत. शब्द बदललेले असल्याने हे गुण नव्या वाक्याचे. जुन्या ६५शी त्यांची थेट तुलना करायची नाही.

७० की ७५ की ८०?

सर्वमान्य आकडा नाहीच. संशोधनांत ५१ टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत उंबरठे सापडतात. १०० डेल्फी अभ्यास तपासणाऱ्या २०१४ सालच्या आढाव्यात मधला आकडा निघाला ७५ टक्के. आकड्याइतकंच महत्त्व तो कधी ठरला याला. गुण हाती आल्यावर उंबरठा ठरवला, तर आवडता निर्देशक आत घेणं सहज जमतं. म्हणून तो पहिल्या फेरीआधी लेखी हवा.

सरासरीचा चकवा

‘दर दोन तासांनी कूस बदलली’ याला दहा जणींनी ९ आणि दहा जणींनी २ दिले, तर सरासरी येते ५.५. वाटतं, सगळ्यांचं मत मध्यम आहे. प्रत्यक्षात मध्ये एकही नाही! कदाचित एक गट अतिदक्षता विभागातला असेल, दुसरा चालत्याफिरत्या रुग्णांच्या वॉर्डातला. हे फक्त विभागणीत दिसतं. अशा वेळी कोणत्या रुग्णांसाठी, हे निर्देशकातच लिहावं लागतं.

कुणाचंच मत बदललं नाही, तरी सहमती!

वेदनेच्या निर्देशकाचं वाक्य तसंच ठेवलं असतं, आणि दुसऱ्या फेरीत कमी गुण देणाऱ्या चौघींनी उत्तरच पाठवलं नसतं तर? उरल्या १६. त्याच १३ जणींनी पुन्हा तेच गुण दिले, तर १६ पैकी १३ म्हणजे ८१ टक्के. उंबरठा पार! ही चूक पकडायची रीत सोपी आहे: गळालेल्यांचे पहिल्या फेरीतले गुण काढून पाहायचे आणि दोन्ही फेऱ्यांत राहिलेल्या १६ जणींचीच टक्केवारी शेजारी मांडायची. त्यांची पहिल्या फेरीतही ८१ टक्केच निघते.