टोला, ताशेरे आणि भडका

‘मुख्यमंत्र्यांनी विरोधकांवर टीका केली.’ वाक्य शुद्ध आहे, खरे आहे आणि दोन कॉलमी मथळ्यासाठी निरुपयोगी आहे. मोजून पाहा, पंधरा अक्षरे. तेच ‘मुख्यमंत्र्यांचा विरोधकांना टोला’ असे केले की बारा होतात. तीन अक्षरांची बचत म्हणजे टाइप थोडा मोठा घेता येतो. शिवाय टीकेपेक्षा टोल्यात विटी-दांडूचा दणका आहे.

पण इथली खरी करामत व्याकरणाची आहे. इंग्रजी मथळ्याला चारपाच अक्षरांची ठोसेबाज क्रियापदे मिळतात. स्लॅम, ब्लास्ट, हाइक, सोअर. मराठी क्रियापदाला मात्र लिंग-वचन सांभाळावे लागते, कर्त्यामागे ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो, आणि ‘केली’, ‘केले’चे शेपूट येते. म्हणून मराठी उपसंपादक क्रियापदच टाकून देतो आणि नामावर थांबतो. टोला, चिमटा, घणाघात, हल्लाबोल, टीकास्त्र. कर्त्याला ‘चा’ लावला, ज्याला मारायचे त्याला ‘ना’ किंवा ‘वर’ लावला, की मथळा उभा राहिला.

‘जाहीर’ हा शब्द तर या कामासाठीच घडवल्यासारखा आहे. तीन अक्षरे, आणि तो कोणत्याही लिंग-वचनात तसाच राहतो: निकाल जाहीर, तारखा जाहीर, मदत जाहीर. कोणी जाहीर केले हे सांगायचीही गरज उरत नाही. सोय अशी आणि गोची तीच. २०१७ च्या जूनमध्ये राज्य सरकारने ३४,०२२ कोटी रुपयांची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली, तेव्हा ‘कर्जमाफी जाहीर’ हा मथळा अक्षरशः बरोबर होता. पुढे ऑनलाइन अर्ज आले, पडताळणी आली, आणि पहिल्या लाभार्थ्यांच्या हाती प्रमाणपत्रे पडेपर्यंत दिवाळी उजाडली. जाहीर, मंजूर, लागू आणि जमा या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. चारही शब्द दोन-तीन अक्षरांचेच आहेत, त्यामुळे जागा नव्हती ही सबब इथे चालत नाही.

टीकेचे शब्द अधिक नाजूक. राजकारण्यांचे सोडा. कोणी तोफ डागली काय आणि चिमटा काढला काय, दुसऱ्या दिवशी पलटवार येतोच. न्यायालयाच्या बातमीत मात्र शब्दाची पायरी चुकली तर अर्थच बदलतो. न्यायमूर्ती सुनावणीत प्रश्न विचारतात, ती झाली विचारणा. चार कडक शब्द बोलतात, ते झाले सुनावणे. आवाज चढला तर फटकारणे, खडसावणे. आणि ‘ताशेरे ओढले’ म्हटले की वाचकाला वाटते, हे निकालपत्रात लिहिले गेले. माझ्या मते हा शब्द लेखी आदेशासाठीच राखून ठेवावा, पण डेस्कवर हा आग्रह धरणाऱ्याला अरसिक समजतात.

या फरकाचा एक खटलाच झालेला आहे. एप्रिल २०२१ मध्ये कोविडची दुसरी लाट भरात होती आणि तमिळनाडूत मतदान आटोपून मतमोजणी व्हायची होती. करूर मतदारसंघातल्या मतमोजणीच्या वेळी खबरदारी घ्यावी, अशा मागणीची याचिका मद्रास उच्च न्यायालयात आली. २६ एप्रिलच्या सुनावणीत खंडपीठाने लाटेची जबाबदारी निवडणूक आयोगावर टाकली आणि आयोगाच्या अधिकाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदवायला हवा, अशा आशयाचे उद्गार काढले. देशभर मथळे झळकले. त्या दिवशीचा लेखी आदेश मात्र वाचला तर त्यात खुनाचा उल्लेख नव्हता. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला: हे शेरे काढून टाका आणि माध्यमांना तोंडी शेरे छापण्यापासून रोखा.

६ मे २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने निकाल दिला. शेरे कठोर होते, उपमा अनुचित होती, हे त्यांनी मान्य केले. पण जे न्यायालयीन नोंदीतच नाही ते काढणार कुठून, असा त्यांचा मुद्दा होता. दुसरी मागणी तर त्यांनी साफ फेटाळली. न्यायालयात काय बोलले जाते हे छापण्याचा माध्यमांना हक्क आहे. म्हणजे छापायला बंदी नाही. फक्त त्या दिवशी ‘ताशेरे’ लिहिणारा चुकला आणि ‘सुनावले’ लिहिणारा बरोबर होता. वाचकाला हे ओळखायचे असेल तर बातमीत ‘तोंडी’ किंवा ‘आदेशात म्हटले आहे’ यांपैकी काय आहे ते शोधावे. दोन्ही नसेल तर मथळ्याचा आवाज अर्धा करून वाचावा.

आता वाढ. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केला. मथळा काय द्यायचा? ‘रेपो दरात ०.४० टक्के वाढ’ हे सगळीकडे छापले जाते. काटेकोरपणे पाहिले तर ४ चे ०.४० टक्के म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दर खरे तर दहा टक्क्यांनी वाढला होता. पण ‘दहा टक्के वाढ’ लिहिले तर कर्जदाराची झोपच उडेल, आणि तीही विनाकारण. वीस वर्षांच्या वीस लाखांच्या गृहकर्जाचा व्याजदर ७ वरून ७.४० टक्के झाला, तर हप्ता १५,५०६ रुपयांवरून १५,९९० च्या आसपास जातो. वाढ ४८४ रुपयांची, म्हणजे तीन टक्क्यांच्या थोडी वर. मला विचाराल तर ‘रेपो ४.४० वर’ हा मथळा सर्वांत प्रामाणिक. त्यात वाढ हा शब्दही लागत नाही.

वाढीच्या शब्दांचे आणखी एक बिंग आहे. प्रत्येक वस्तूचा शब्द ठरलेला असतो. पेट्रोलचा भडका उडतो, सोन्याला झळाळी येते, शेअर बाजार उसळी घेतो, रुपया वधारतो, डाळी महागतात. डाळींना झळाळी आल्याचे कधी वाचले आहे का? सोने ज्याच्या घरात आहे त्याच्या बाजूने लिहिले जाते आणि डाळ जिला विकत घ्यायची आहे तिच्या बाजूने. शब्द निवडतानाच बातमी कोणाच्या खुर्चीत बसून लिहिली ते ठरून जाते.

कांद्याचे पाहा. भाव चढला की तो कडाडतो, पडला की गडगडतो. दोन्ही आवाज आभाळातलेच. चढण्याला वीज आणि पडण्याला मेघ, हे कोणी ठरवले कोणास ठाऊक. पण कडाडण्याची धास्ती पिशवी घेऊन निघालेल्याला. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर लावून उभा असलेला शेतकरी तीच घटना ‘कांद्याला भाव’ अशी सांगेल. ‘कांदा कडाडला’ यात सहा अक्षरे आहेत, ‘कांद्याला भाव’ यात पाच. शहरातल्या मथळ्यात तरी सहा अक्षरांसाठीच जागा काढली जाते.