तारीख, हुद्दा, आणि तिथेच पूर्णविराम

नव्या उमेदवाराने सांगितलेली नोकरी खरी आहे का, हे विचारणारा मेल आधीच्या कंपनीच्या एचआरकडे जातो, तेव्हा तो वाचणारा माणूस बहुतेक वेळा उमेदवाराला कधी भेटलेलाही नसतो. त्याच्यापुढे फक्त दप्तर असतं. म्हणून दप्तरात सापडेल तेवढंच त्याला विचारावं: रुजू झाल्याची तारीख, कामाचा शेवटचा दिवस, शेवटचं पद आणि पगार थेट कंपनीचा होता की कंत्राटदारामार्फत. ओळख पटायला नाव आणि एम्प्लॉयी कोड द्यावा, उमेदवाराचं संमतीपत्र जोडावं, पण त्याने सांगितलेल्या तारखा मात्र लिहू नयेत. त्या लिहिल्या की समोरचा दप्तर न उघडताच ‘बरोबर आहे’ असं कळवून मोकळा होतो. आणि मेलचा पत्ता उमेदवाराकडून न घेता कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा, नाहीतर उत्तर त्याचा मित्रही देऊ शकतो.

समजा, बायोडेटात ‘टीम लीड, जून 2019 ते मार्च 2023’ असं आहे आणि उत्तर आलं: ‘सीनियर असोसिएट, 10 जून 2019 ते 24 फेब्रुवारी 2023’. लगेच खोटेपणाचा शिक्का मारणं अन्यायाचं होईल. हिशेब चुकता होऊन रिलीव्हिंग लेटर मार्चमध्ये हाती पडलं असेल, तर उमेदवाराने तीच तारीख धरलेली असू शकते. पीएफच्या सेवा-नोंदीतली सोडल्याची तारीख पाहिली की उलगडा होतो. पदाचंही तसंच. टीम सांभाळणाऱ्याचं कागदावरचं पद वेगळं असणं नेहमीचंच. तफावत आधी उमेदवारालाच दाखवावी. दोन नोकऱ्यांमधली वर्षभराची पोकळी तारखा ताणून बुजवली असेल, तर गोष्ट निराळी.

‘माणूस कसा होता?’ हे का विचारू नये? कारण मताची जबाबदारी असते. 1994 मध्ये ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की, माजी कर्मचाऱ्याविषयी शिफारसपत्र देताना मालकाने योग्य ती काळजी घेतलीच पाहिजे. त्या प्रकरणातल्या विमा विक्रेत्याला पत्रात अप्रामाणिक म्हटलं होतं. खालच्या न्यायालयाला तो अप्रामाणिक आढळला नव्हता. एचआरमधला कारकून अशी जोखीम कशासाठी घेईल? मत विचारलं की तो सगळा मेलच बाजूला ठेवतो आणि तारखाही मिळत नाहीत. ‘पुन्हा नोकरीवर घ्याल का?’ हा प्रश्न तर हो-नाहीचा वेष घेतलेलं मतच आहे. त्यातला ‘नाही’ नोटीस पिरियड अपुरा राहिल्यामुळेही असतो, पण वाचणाऱ्याला त्यात चोरी दिसते.

यावर आक्षेप असा, की अशाने अफरातफर केलेला माणूसही सुटेल. भीती खरी आहे. पण ज्याने त्याचं काम पाहिलंय त्या वरिष्ठाशी, उमेदवाराला सांगून, वेगळा फोन करता येतो. तिथे उलट प्रश्न विचारता येतात आणि ऐकीव काय, पाहिलेलं काय, हे निवडता येतं. मेलमधल्या ‘वर्तन समाधानकारक नाही’ या तीन शब्दांमागे कोण बोलतंय, हेसुद्धा कळत नाही.