ट्रिम (सॉलिड स्टेट ड्राइव्ह)

ट्रिम ही ऑपरेटिंग सिस्टिमने सॉलिड स्टेट ड्राइव्हला, म्हणजेच एसएसडीला, द्यावयाची एक सूचना आहे. कोणत्या जागेतील माहितीची आता गरज उरलेली नाही, हे ट्रिममुळे ड्राइव्हला समजते.

'''आवश्यकता'''

४ जीबीचा एखादा चित्रपट पुसला, तर फाइल प्रणाली केवळ आपल्या नोंदवहीत ती जागा मोकळी दाखवते. ड्राइव्हच्या लेखी मात्र तो चित्रपट अजून जिवंतच असतो. फ्लॅश स्मृतीत माहिती काही केबींच्या पानांमध्ये लिहिली जाते. परंतु पुसायचे झाल्यास शेकडो पानांचा अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. त्यासाठी ड्राइव्ह त्या ब्लॉकमधील उपयोगी पाने आधी दुसरीकडे हलवतो. ट्रिम मिळाली नसेल, तर पुसलेल्या चित्रपटाची पानेही उपयोगी समजून पुन्हा पुन्हा हलवली जातात. यामुळे लेखन मंदावते आणि पेशींची झीजही वाढते.

'''तात्काळ आणि नियतकालिक ट्रिम'''

लिनक्समध्ये `discard` हा पर्याय देऊन विभाजन माउंट केल्यास, फाइल पुसल्यानंतर थोड्याच वेळात ट्रिम पाठवली जाते. हे वरकरणी आदर्श वाटते. प्रत्यक्षात हजारो छोट्या फाइलींची निर्देशिका पुसली, की तुटक तुकड्यांच्या असंख्य सूचना ड्राइव्हकडे जातात, आणि त्याही नेमक्या काम चालू असताना. साटा ३.१ पूर्वी ट्रिमला रांगेत स्थान नव्हते. ती पाठवण्यापूर्वी आधीची सर्व वाचन-लेखने पूर्ण होऊ द्यावी लागत, म्हणून संगणक क्षणभर अडखळे. पुढे रांगेतील ट्रिम आली, पण काही ड्राइव्हांमध्ये तिची अंमलबजावणी सदोष निघाल्याने लिनक्स गाभ्यात त्यांच्यापुरती ती बंद ठेवावी लागली.

`fstrim` ही आज्ञा याउलट मोकळ्या जागेचा संपूर्ण नकाशा पाहते आणि सलग पट्टे एकत्र करून कळवते. आठवडाभरात पुसून पुन्हा भरलेल्या जागेबद्दल तर काही कळवावेच लागत नाही. तिच्या माहितीपुस्तिकेनुसार बहुतेक संगणकांना आठवड्यातून एकदा ट्रिम पुरेशी असते. फेडोरा ३२ पासून (२०२०) हा साप्ताहिक टायमर मुळातच चालू असतो. इतरत्र तो असा सुरू करता येतो:

```
lsblk --discard
sudo systemctl enable --now fstrim.timer
sudo fstrim -v /
```

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात `DISC-GRAN` आणि `DISC-MAX` या स्तंभांत शून्य दिसल्यास ट्रिम ड्राइव्हपर्यंत पोहोचत नाही. लक्स कूटबद्धीकरणात हे हमखास आढळते, कारण तेथे ती मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय पुढे जात नाही. टायमरची वेळ सोमवारची मध्यरात्र असली, तरी त्या वेळी बंद असलेल्या संगणकावर राहिलेले काम पुढच्या वेळी सुरू केल्यावर उरकले जाते. तिसरी आज्ञा लगेच पुन्हा दिल्यास एक्स्ट४ वर आकडा शून्याजवळ येतो. तो बिघाड नव्हे. आधीच कळवलेले भाग फाइल प्रणाली वगळते.

`discard` सर्वत्र त्याज्य नाही. बीटीआरएफएस मोकळे झालेले तुकडे साठवून सवडीने कळवते, आणि लिनक्स ६.२ पासून (२०२३) योग्य ड्राइव्हांवर तिची हीच मूळ पद्धत आहे.