मुखत्यारपत्राचा रशियन अनुवाद

इंग्रजीत केलेले मुखत्यारपत्र रशियात चालवायचे असेल, तर त्याचा रशियन अनुवाद नोटरीकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. परदेशात राहणाऱ्या एका रशियन महिलेला मॉस्कोतला आपला फ्लॅट विकायचा आहे आणि त्यासाठी ती भावाला मुखत्यार नेमते आहे, असे समजा. ती तिथल्या नोटरीसमोर सही करते. मग त्या कागदाला अपोस्टिल जोडले जाते. 1961 च्या हेग करारानुसार मिळणारा हा दाखला नोटरीची सही व शिक्का खरा असल्याचे सांगतो, मजकुराबद्दल काहीच सांगत नाही. अनुवाद त्यानंतरच करायचा, कारण अपोस्टिलचाही अनुवाद लागतो. घाईने आधीच अनुवाद करून ठेवला, तर त्यात हा भाग नसतो आणि काम पुन्हा करावे लागते.

मॉस्कोचा नोटरी नेमके काय प्रमाणित करतो, याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. नोटरीविषयक 1993 च्या रशियन कायद्याच्या 81 व्या कलमानुसार, दोन्ही भाषा येत असतील तर नोटरी अनुवादाचा अचूकपणा स्वतः प्रमाणित करू शकतो. येत नसतील, तर अनुवादक त्याच्यासमोर सही करतो आणि नोटरी फक्त ती सही खरी असल्याची नोंद करतो. व्यवहारात बहुधा हा दुसरा मार्गच वापरला जातो. म्हणजे शिक्का नोटरीचा असला, तरी मजकुराची जबाबदारी अनुवादकाचीच राहते. अनुवादात चूक राहिली, तर ती नोटरीच्या टेबलावर दिसेलच असे नाही. ती बहुधा पुढे, फ्लॅटची नोंदणी करताना किंवा बँकेत उघडी पडते.

सर्वाधिक चुका नावांत होतात. रशियात ‘नाताल्या’ आणि ‘नातालिया’ ही दोन वेगळी नावे मानली जातात, पण इंग्रजी कागदावर दोन्ही एकसारखीच लिहिलेली असू शकतात. अनुवादकाने अंदाजाने एक निवडले आणि फ्लॅटच्या कागदांवर दुसरे निघाले, तर विकणारी बाई आणि मालकीण एकच आहेत, हे वेगळे सिद्ध करत बसावे लागते. म्हणून रशियन पासपोर्टची प्रत अनुवादकाला आधीच द्यावी आणि नाव त्यातल्या अक्षरांप्रमाणेच लिहून घ्यावे. वडिलांच्या नावावरून येणारे मधले नाव मूळ इंग्रजीत नसेल, तर अनुवादात ते आपल्या मनाने घालता येत नाही. ते परदेशातच मूळ कागदात यायला हवे.

तारखेचेही तसेच. 03/05/2024 ही तारीख इंग्लंडमध्ये 3 मे असते, तर अमेरिकेत 5 मार्च. कागद कुठे झाला ते पाहून रशियनमध्ये महिना अक्षरी लिहिणे हाच सुरक्षित मार्ग आहे. रशियन नागरी संहितेच्या 186 व्या कलमानुसार तारीख नसलेले मुखत्यारपत्र शून्यवत ठरते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर एरवी ती एक वर्ष धरली जाते. इंग्रजी मुखत्यारपत्रांत मुदत बऱ्याचदा नसतेच. तीही मुळातच लिहून घेतलेली बरी.

आता मुख्य अडचण अधिकारांची. ‘माझ्या वतीने सर्व आवश्यक कृत्ये करावीत’ असे एक मोघम वाक्य लिहून इंग्रजी मसुदा थांबू शकतो. रशियन व्यवहारात मात्र कोणता फ्लॅट, कोणत्या पत्त्यावरचा, किंमत ठरवण्याचा अधिकार आहे का, पैसे स्वीकारता येतील का, नोंदणी कार्यालयात अर्ज करता येईल का, हे सगळे स्वतंत्रपणे लिहिलेले असावे अशी अपेक्षा असते. पैसे स्वीकारण्याचा उल्लेखच मुळात नसेल, तर कितीही निष्णात अनुवादक तो अधिकार निर्माण करू शकत नाही. त्याने भर घातली, तर तो अनुवाद राहत नाही. म्हणूनच सही होण्यापूर्वी मसुदा मॉस्कोच्या नोटरीला दाखवून घेणे हा या कामातला सर्वांत फायद्याचा टप्पा आहे. अपोस्टिल लागल्यानंतर तो दाखवून काही साधत नाही.

अनुवाद कागदावरच्या प्रत्येक खुणेचा करायचा असतो. गोल शिक्क्यातला मजकूर, परदेशी नोटरीचे प्रमाणपत्र, अपोस्टिलमधल्या दहाही नोंदी, समासातला क्रमांक, सगळे त्यात येते. सहीच्या जागी कंसात ‘सही’ आणि वाचता न येणाऱ्या शब्दाच्या जागी ‘अवाच्य’ असे लिहितात. अंदाजाने भरलेला शब्द इथे घातक ठरतो.

शेवटी मूळ कागद किंवा त्याची प्रत आणि अनुवाद एकत्र शिवले जातात, पानांना क्रमांक पडतात आणि मागच्या बाजूला शिवणीवर नोटरीचा शिक्का बसतो. मूळ कागद परदेशातच फितीने बांधलेला असेल, तर स्कॅनिंगसाठीही ती फीत सोडू नये. सुटलेली फीत दिसली की पान बदलल्याचा संशय येतो आणि नोटरी कागद परत करू शकतो. प्रमाणित झालेल्या अनुवादात चूक सापडली, तर पेनने दुरुस्ती करून भागत नाही. पान नव्याने तयार होते, अनुवादक पुन्हा सही करतो आणि नोटरी पुन्हा प्रमाणित करतो.