कावळ्याने ओरडायचं नाही

शेणाचं घर पावसात वाहून गेल्यावर कावळा चिमणीच्या दारात येतो, ती गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. समोर बसून सांगताना कावळा मजेत खरखरीत ओरडतो. तीच गोष्ट झोपताना ऐकायच्या ध्वनिमुद्रणासाठी लिहायला घेतली की पहिली अडचण हाच कावळा. आईने फोनचा आवाज निवेदनापुरता बेताचा ठेवलेला असतो. कावळा मध्येच चढला की डोळे मिटू लागलेलं मूल टक्क जागं होतं.

मग त्याला खर्जात बोलवावं, असं वाटतं. पण फोनच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ येतच नाही. स्टुडिओच्या हेडफोनवर घनगंभीर वाटलेला कावळा उशाशी नुसता पुटपुटतो. कुजबुजही उपयोगाची नाही, कारण तिच्यात शब्द विरतात आणि ‘स’, ‘श’ मात्र सापासारखे फुसफुसतात.

म्हणून पात्रं वेगळी करायची ती लयीने, आणि ती लय संहितेतच लिहावी लागते. कावळ्याला तुटक वाक्यं द्यायची: “भिजलोय गं चिऊ. (श्वास) पंख जड झालेत. (श्वास) आत घे ना.” चिमणीला एका दमात, थोडं वरच्या पट्टीत: “आले हं, बाळाचं अंग पुसते, झबलं घालते, की आलेच!” दोघंही सारख्याच हळू आवाजात बोलतात, तरी गल्लत होत नाही. निवेदक दोघांच्या मधल्या पट्टीत, सपाट. ‘चिऊ म्हणाली’ हे शब्द तिच्या वाक्याआधी येतात. मुलाला पान दिसत नसतं, त्यामुळे कोण बोलणार हे कानाला आधी कळावं लागतं. दारावरची टकटकही ध्वनिफितीतली घ्यायची नाही, निवेदकानेच तोंडाने म्हणायची.

कावळा दार तीनदा वाजवतो, आणि ही पुनरावृत्ती झोपेच्या गोष्टीला फार सोयीची आहे. पहिल्या खेपेला चिमणीची कामं तीन, मग दोन, शेवटी एकच. टकटकीनंतरचा विराम मात्र दर वेळी लांबतो. एकच कलाकार सगळी पात्रं करत असेल तर आधी कावळ्याची सगळी वाक्यं, मग चिमणीची, असं तुकड्यांनी मुद्रण करायचा मोह होतो. त्यात आवाज एकसारखा राहतो, पण उतरत जाणारी गती हरवते. ही गोष्ट क्रमानेच म्हणावी.

मुद्रण झालं की फोन हळू आवाजात लावून शेजारच्या खोलीत जायचं. शब्द नीट कळत नसतानाही कोण बोलतंय हे ओळखू आलं पाहिजे. नाही आलं, तर बहुतेक वेळा दोष कलाकाराचा नसतो. दोघांची वाक्यं सारख्याच लांबीची लिहिलेली असतात.

राहता राहिला शेवट. जुन्या सांगण्यात कावळ्याला बरेचदा चटका बसतो. दिवसा मुलं त्याला खदखदून हसतात, आणि तेच रात्री नको असतं. माझ्या मते तिसऱ्या टकटकीला चिमणीने ते एक काम उरकून सरळ दार उघडावं.