मीटर पलटला तरी पंप वेळेवर बंद

विजेच्या जुन्या मीटरवर चारच आकडे असतील, तर ९९९९ नंतर ०००० येतं. मीटर पलटला, असं आपण म्हणतो. मागचं रीडिंग ९९५० आणि आताचं ००३० असेल, तर बिल उणे येत नाही. पलटण्याआधीचे ५० आणि नंतरचे ३०, असे ८० युनिट धरले जातात.

पंपाच्या टायमरमधल्या आर्डुइनो बोर्डातही असाच मीटर फिरत असतो. `millis()` विचारलं की बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मिळतात. हा गणक ३२ बिटांचा आहे. ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ पर्यंत जातो आणि सुमारे ४९ दिवस १७ तासांनी पुन्हा शून्यावर येतो. त्याचं पलटणं हा दोष नाही. दोष असतो आपल्या तुलनेत.

समजा, पंप १० मिनिटं, म्हणजे ६ लाख मिलिसेकंद चालवायचा आहे. सहज सुचतं ते असं: सुरू करताना बंद करायची वेळ काढून ठेवा आणि गणक तिच्या पुढे गेला की पंप बंद करा. पण गणक पलटायला ६७ हजार मिलिसेकंद उरले असताना पंप सुरू झाला, तर बेरीजही पलटते आणि बंद करायची वेळ ५ लाख ३३ हजार निघते. गणक तर ४२९ कोटींवर! पंप सुरू होताक्षणीच बंद पडतो. याच्या उलट प्रकार मला जास्त भीतिदायक वाटतो. बंद करायची वेळ पलटीच्या जेमतेम ३०० मिलिसेकंद आधीची असेल आणि तेवढ्यात बोर्ड सेन्सर वाचण्यात अर्धा सेकंद गुंतला, तर ती संधी हुकते. गणक शून्याजवळ जातो आणि पंप बंद व्हायचं नावच घेत नाही.

उपाय मीटरवाल्याचाच: किती वाजले ते बघू नका, किती वेळ गेला ते काढा.

```
if (millis() - start >= 600000UL) pumpOff();
```

`start` हाही `unsigned long` हवा. ही वजाबाकी ३२ बिटांपुरतीच होते, हातचा गळून पडतो आणि पलटी मध्ये आली तरी उत्तर बरोबर येतं.

मात्र अख्खी फेरी उलटून गेली, तर हे गणित फसतं. पावसाळ्यात पंप ५० दिवस बंद राहिला, तर वजाबाकी सांगेल की बंद होऊन फक्त ७ तास झाले. ‘८ तास विश्रांती हवी’ असा नियम असेल, तर पंप विनाकारण अडेल. म्हणून ८ तास पूर्ण होताच ‘विश्रांती झाली’ अशी वेगळी खूण करून ठेवावी आणि पुढे तीच पाहावी.

चाचणीसाठी ४९ दिवस थांबायचं का? लिनक्सच्या कर्त्यांनी सुंदर तोड काढली. त्यांचा ‘जिफीज’ हा गणक शून्यापासून सुरूच होत नाही. ३२ बिटांचा हिशेब धरला तर संगणक चालू झाल्यावर पाचच मिनिटांत तो पलटेल, अशी त्याची सुरुवात ठेवली आहे. तुलना चुकली असेल, तर ती चहा संपायच्या आत उघडी पडते.